डीप आयटीएम कॉलची आयव्ही ०.०००१ का येते: बायसेक्शनच्या लूपआधी काय तपासायचं

प्रश्न: निफ्टी ऑप्शनची आयव्ही पायथनमध्ये बायसेक्शननं काढतोय. एटीएमला ठीक येते पण डीप आयटीएम कॉलला कायम ०.०००१ येते, while लूप केला तर प्रोग्राम हँगच होतो. बायसेक्शन सोडून न्यूटन-रॅफ्सन वापरू का? मी सोलापूरचा आहे, इथं विचारायला कोणी नाही.

उत्तर:

न्यूटनकडं जाऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुमचा कोड मला दिसत नाहीये, पण ०.०००१ हा आकडा बघून एवढं सांगतो की ती आयव्ही नाहीच, तुम्ही `lo` ला सुरुवातीला जी किंमत दिली असेल तीच शेवटी परत येतीय. `lo = 0.01` करून बघा, उत्तर ०.०१ येईल. म्हणजे बायसेक्शननं काही शोधलंच नाही, ते खालच्या भिंतीला जाऊन टेकलं. आता ते तिथं का गेलं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर लूपमध्ये नाही, तुम्ही लूपला जी किंमत आणि जो भाव देताय त्यात आहे. मी इथं जुळे सोलापुरात बसून ऑप्शनच्या डेटाचंच काम करतो बरीच वर्षं, शिकायला येणाऱ्या पोरांच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये हीच गोष्ट दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बायसेक्शन चालतं कशाच्या जोरावर ते बघू. बाकी सगळं तसंच ठेवून नुसता सिग्मा वाढवला की ऑप्शनची मॉडेल किंमत वाढतच जाते, कॉल असो की पुट, मध्ये कुठं खाली येत नाही. त्यामुळं बाजारातला भाव जर `lo` च्या मॉडेल किमतीपेक्षा जास्त आणि `hi` च्या मॉडेल किमतीपेक्षा कमी असेल तर त्या दोघांच्या मध्ये एकच सिग्मा असा असतो की जिथं दोन्ही जुळतात, आणि अर्धं-अर्धं करत गेलं की तो सापडणारच. ही "जर" ची अट महत्त्वाची. ती पाळली तर बायसेक्शन कधीच फसत नाही, ती मोडली तर ते तुम्हाला काही सांगत नाही, गुपचूप एका टोकाला जाऊन बसतं.

अट पाळलेली असताना कसं चालतं ते आकड्यांत बघा. आकडे सोपे पडावेत म्हणून मी ठरवून घेतलेत: निफ्टी २५०००, एक्स्पायरीला बरोबर ७ दिवस म्हणजे T = ७/३६५, व्याजदर ६.५ टक्के. २५००० चा कॉल १७४.५० ला आहे. सिग्मा ० ते १ मध्ये शोधू. मधला ०.५, तिथं ब्लॅक-शोल्सची किंमत येते ७०५.७१, फारच जास्त, म्हणून `hi` खाली आणा. ०.२५ ला ३६०.८६, अजून जास्त. ०.१२५ ला १८८.५६, अजूनही जास्त. ०.०६२५ ला १०२.७४, आता कमी झालं, म्हणून `lo` वर. ०.०९३७५ ला १४५.५७, कमी. ०.१०९३७५ ला १६७.०६, कमी. पुढं ०.११७२ च्या आसपास १७७.८०, जास्त. असं करत करत ०.११४८ ला थांबतं, म्हणजे ११.४८ टक्के. दर फेरीला अंतर निम्मं होतं, आणि २ चा २० वा घात १०,४८,५७६ होतो, म्हणजे १ रुंदीचा पट्टा २० फेऱ्यांत दशलक्षांशाच्या खाली येतो. त्यामुळं वेगाची काळजी करत बसायचं कारण नाही, पूर्ण ऑप्शन चेनसुद्धा साधा लॅपटॉप पटकन करतो.

(हे ११.४८ नीट लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावर परत यायचंय. तुम्हाला ते "ठीक" वाटतंय पण ते ठीक नाहीये.)

आता तुमचा त्रास देणारा स्ट्राइक घेऊ. २३५०० चा कॉल, भाव १५१९. तुम्ही बहुतेक असा विचार करत असाल की २५००० वजा २३५०० म्हणजे १५०० इंट्रिन्सिक, वर १९ रुपये टाइम व्हॅल्यू, मग आयव्ही निघायला काय हरकत आहे. हरकत इथंच आहे. मॉडेलमध्ये स्ट्राइकचे पैसे आज नाही तर एक्स्पायरीला द्यायचे असतात, म्हणून ते आजच्या किमतीत आणावे लागतात. २३५०० ला ६.५ टक्क्यांनी ७ दिवस मागं आणलं की २३४७०.७२ होतात. म्हणजे सिग्मा अगदी शून्य धरला तरी कॉलची किंमत २५००० वजा २३४७०.७२, म्हणजे १५२९.२८ येते. याच्या खाली मॉडेल जाऊच शकत नाही. आणि तुमचा भाव आहे १५१९, म्हणजे तळाच्या १० रुपये २८ पैसे खाली. असा कुठलाही सिग्मा नाही की जो हा भाव देईल. प्रत्येक `mid` ला मॉडेल किंमत जास्तच येणार, प्रत्येक वेळी `hi` खाली सरकणार, आणि शेवटी `lo` ला चिकटणार. while लूप हँग होतो त्याचंही कारण हेच: तुम्ही "फरक अमुकपेक्षा कमी झाला की थांब" असं लिहिलं असणार, आणि फरक १०.२८ च्या खाली कधी जाणारच नाही.

मग बाजारात भाव तळाखाली जातो कसा, लोक मूर्ख आहेत का? नाही. दोन कारणं जवळजवळ नेहमी असतात.

पहिलं कारण सोपं आहे, एलटीपी. डीप आयटीएममध्ये सौदे फार कमी होतात. स्क्रीनवर दिसणारा शेवटचा भाव अकरा वाजताचा असू शकतो, आणि तुम्ही त्याच्याशी अडीच वाजताचा निफ्टी जोडताय. निफ्टी मधल्या वेळेत ४० पॉइंट वर गेला असेल तर तो कॉल आता जवळपास ४० रुपये महाग असायला हवा, पण सौदाच झाला नाही म्हणून एलटीपी तिथंच. त्यामुळं आयव्हीसाठी एलटीपी घ्यायचाच नाही, त्या क्षणाचे बिड आणि आस्क घ्यायचे आणि त्यांचा मध्य काढायचा. डेप्थ उघडून एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघा: एटीएमला बिड-आस्कमध्ये अंतर पाच-दहा पैशांचं असतं, आणि २३५०० च्या कॉलला बिड १५१४, आस्क १५२४ असं दहा-दहा रुपयांचं. मी वर जो १५१९ घेतला तो याच दोघांचा मध्य आहे, म्हणजे शिळ्या भावाचा प्रश्न मी आधीच काढून टाकलाय. तरीही तो तळाखाली आहे. मग दुसरं कारण.

दुसरं कारण म्हणजे तुम्ही स्पॉट वापरताय. ऑप्शन घेणारा-विकणारा माणूस स्पॉट निफ्टी विकत घेऊन हेज करत नाही, तो फ्युचरनं किंवा दुसऱ्या ऑप्शननं करतो, आणि त्यामुळं ऑप्शनचा भाव एक्स्पायरीच्या फॉरवर्ड किमतीवर ठरतो. मार्केट यार्डात आजचा रोख कांद्याचा भाव एक असतो आणि आठवड्यानं उचलायच्या मालाचा ठरलेला भाव दुसरा, तसंच. तुमचा कोड फॉरवर्ड आपोआप धरतो, स्पॉटवर ६.५ टक्के व्याज लावून, म्हणजे २५०३१.१८. पण बाजारानं तसंच धरलंय असं कुणी सांगितलं? मधल्या दिवसांत निफ्टीतल्या कंपन्यांचा डिव्हिडंड असेल तर फॉरवर्ड खाली येतो, फ्युचरमध्ये विकणारे जास्त असले तरी खाली येतो. आणि स्पॉटचा आकडा ५० शेअरच्या भावांवरून बनतो, तुमच्या डेटा फीडमध्ये तो आणि ऑप्शनचा भाव एकाच सेकंदाचे असतीलच असं नाही.

बाजारानं कुठला फॉरवर्ड धरलाय ते विचारायची सरळ पद्धत आहे, पुट-कॉल पॅरिटी. एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट घ्या, एटीएमचा, कारण तिथले भाव घट्ट असतात:

```
F = K + exp(r*T) * (C - P)
```

आपल्या उदाहरणात २५००० चा कॉल १७४.५० आणि पुट १५८.२० आहे असं धरू. फरक १६.३०, त्याला व्याज लावलं की १६.३२, म्हणजे F = २५०१६.३२. तुमच्या कोडनं धरलेल्या २५०३१.१८ पेक्षा जवळपास १५ रुपये कमी. आता २३५०० च्या कॉलचा तळ परत काढा: २५०१६.३२ वजा २३५०० म्हणजे १५१६.३२, तो आजच्या किमतीत आणला की १५१४.४३. भाव १५१९, म्हणजे तळाच्या वर. उत्तर अस्तित्वात आलं! लूपमध्ये एक अक्षरही बदललं नाही.

आता ते ११.४८. स्पॉट वापरून २५००० च्या कॉलची आयव्ही ११.४८ आली होती. त्याच पद्धतीनं त्याच स्ट्राइकच्या पुटची, १५८.२० वरून, काढली तर १२.५६ येते. एकच स्ट्राइक, एकच एक्स्पायरी, आणि कॉलची आयव्ही पुटपेक्षा एक टक्क्याहून जास्त कमी. युरोपियन ऑप्शनमध्ये हे असायला नको, दोघांची आयव्ही सारखी यायला हवी. F पॅरिटीतून घेतला की दोन्हीकडं १२.०५ येतात. तुमचा फॉरवर्ड चुकलाय का हे ओळखायची याच्याइतकी चांगली खूण मला माहीत नाही: पूर्ण चेनमध्ये सगळ्या कॉलच्या आयव्ही पुटपेक्षा एकाच बाजूला सरकलेल्या दिसल्या तर गडबड F मध्ये आहे, सॉल्व्हरमध्ये नाही. म्हणून म्हणालो की एटीएमला तुम्हाला ठीक वाटतंय पण ते ठीक नाही, तिथं चूक लपून बसते एवढंच, डीप आयटीएमला ती उघडी पडते.

F मिळाला की ब्लॅक-शोल्सचं स्पॉटवालं रूप सोडून ब्लॅकचं १९७६ चं फॉरवर्डवालं रूप वापरा, ते सुटसुटीत पडतं:

```python
from math import log, sqrt, exp, erfc

def N(x):
    return 0.5 * erfc(-x / sqrt(2))

def black(F, K, T, r, s, w):      # w: call = 1, put = -1
    v = s * sqrt(T)
    d1 = log(F / K) / v + 0.5 * v
    d2 = d1 - v
    return exp(-r*T) * w * (F*N(w*d1) - K*N(w*d2))

def iv(price, F, K, T, r, w, lo=1e-4, hi=5.0):
    if T <= 0:
        return None, "expired"
    if price <= black(F, K, T, r, lo, w):
        return None, "below"
    if price >= black(F, K, T, r, hi, w):
        return None, "above"
    for _ in range(60):
        mid = 0.5 * (lo + hi)
        if black(F, K, T, r, mid, w) < price:
            lo = mid
        else:
            hi = mid
        if hi - lo < 1e-6:
            break
    return 0.5 * (lo + hi), "ok"
```

यातल्या मधल्या दोन `if` ओळींसाठीच हे सगळं उत्तर आहे बघा. लूपच्या आधी दोन्ही टोकांची किंमत काढायची, भाव मध्ये नसेल तर आकडा द्यायचाच नाही, `None` द्यायचं आणि का ते सांगायचं. ०.०००१ परत देणारा कोड जास्त धोक्याचा, कारण तो आकडा पुढं सरासरीत जातो, चार्टवर जातो, आणि कुणी बघत नाही. चेनवर चालवून झालं की "below" किती आले ते मोजा. दोन-चार डीप स्ट्राइकला आले तर ते भावाच्या दर्जाचं आहे, पण एका बाजूच्या सगळ्या आयटीएमला आले तर परत F कडं जा.

`erfc` का वापरलं तेही सांगतो. बरेच जण `0.5*(1+erf(x/sqrt(2)))` लिहितात, ते मध्यभागी चालतं पण x फार ऋण झाला की १ मधून १ वजा होऊन थेट शून्य येतं आणि शेपटीतले बारीक आकडे उडून जातात. `erfc` ते सांभाळतं. एका शब्दाचा बदल आहे, करून टाका.

थांबायची अट मी सिग्माच्या पट्ट्यावर ठेवलीय, किमतीच्या फरकावर नाही, ती तशीच ठेवा. किमतीवर ठेवली तर दोन्ही बाजूंनी मार बसतो. २३५०० चा पुट घ्या: सिग्मा १० टक्के धरला तर मॉडेल किंमत जवळजवळ शून्य, १२ टक्के धरला तरी एक पैसासुद्धा होत नाही. म्हणजे "फरक ०.०१ पेक्षा कमी झाला की थांब" असं सांगितलं तर असल्या स्वस्त ऑप्शनला १० आणि १२ टक्क्यांतला फरकच कोडला कळत नाही, जो आधी भेटेल तो उत्तर. उलट फरकाची मर्यादा `1e-12` सारखी केली तर चांगल्या ऑप्शनलासुद्धा लूप संपेल याची खात्री नाही, कारण २५ हजाराच्या आकड्यांची वजाबाकी करताना फ्लोटमध्ये तेवढी अचूकताच उरत नाही. अचूकता वाढवायला गेल्यावर हँग होतं ते यामुळंही असू शकतं. पट्टा मात्र प्रत्येक फेरीला निम्मा होतोच होतो, ०.०००१ ते ५ पासून सुरू केलं तरी २३ फेऱ्यांत `1e-6` च्या खाली. ६० ची मर्यादा नुसती सुरक्षेसाठी.

आता २३५०० चं उत्तर. १५१९ वरून नव्या F नं आयव्ही येते साधारण २१.४ टक्के. पण लगेच खूश होऊ नका, हा आकडा किती भरवशाचा आहे ते बघू. आस्क १५२४ घातला तर २४ टक्क्यांच्या आसपास येते. बिड १५१४ घातला तर "below", कारण तळ १५१४.४३ आहे. म्हणजे बिड आणि आस्क यांच्यामध्ये आयव्ही "नाहीच" पासून २४ पर्यंत कुठंही असू शकते, आणि आपण मध्य घेतला म्हणून २१.४ म्हणतोय. F मध्ये पाच रुपयांची चूक झाली तरी हा आकडा असाच उडेल, कारण १५१९ मधले १५१४ रुपये ७ दिवसांत कुठं जाणार नाहीत, व्होलॅटिलिटीबद्दल बोलणारे फक्त साडेचार रुपये आहेत.

म्हणून कामाची पद्धत अशी: डीप आयटीएम कॉलची आयव्ही कॉलवरून काढायचीच नाही. त्याच स्ट्राइकचा ओटीएम पुट घ्यायचा. आपल्या उदाहरणात २३५०० चा पुट ४.५५ ला आहे, बिड ४.५०, आस्क ४.६०. त्यावरूनही २१.४ च येते, पॅरिटीमुळं यायलाच पाहिजे, पण इथं पाच पैशाच्या एका टिकनं आयव्ही फक्त ०.०३ टक्क्यानं हलते. कॉलमध्ये दहा रुपयांचं धुकं होतं, इथं दहा पैशांचं आहे. F च्या खालचे सगळे स्ट्राइक पुटवरून, वरचे कॉलवरून, असं करा, तुमची निम्मी डोकेदुखी तिथंच संपते. कुणाला कॉलच्या कॉलममध्ये आयव्ही दाखवायचीच असेल तर पुटवरून आलेली तीच दाखवा.

न्यूटनबद्दल विचारलं होतं. न्यूटन वेगा या आकड्यानं, म्हणजे सिग्मा बदलला की किंमत किती बदलते त्यानं, भागाकार करतो आणि किमतीतला फरक भागिले वेगा एवढी उडी मारतो. एटीएमला वेगा भरपूर असतो, एक टक्का सिग्माला जवळपास १४ रुपये, म्हणून तीन-चार फेऱ्यांत उत्तर येतं, मस्त चालतं. पण हाच २३५०० चा पुट घ्या आणि सुरुवात १० टक्क्यांपासून करा. तिथं वेगा ०.०५ आहे, तोही सिग्मा पूर्ण १ नं बदलला तर. फरक ४.५५. ४.५५ भागिले ०.०५, म्हणजे पहिलीच उडी ९० च्या पुढं, सिग्मा ९००० टक्के! तिथून परत येताना सिग्मा ऋण होतो किंवा वेगा शून्य होऊन `ZeroDivisionError` नाहीतर `nan` येतं. सुरुवात हुशारीनं निवडली तर टळतं, पण त्यासाठी आधी कुठं आहोत ते माहीत पाहिजे. आणि मूळ मुद्दा, भाव तळाखाली असेल तर न्यूटनलाही उत्तर सापडणार नाही, कारण ते नाहीच. वेग हवाच असेल तर `scipy.optimize.brentq` वापरा, ते बायसेक्शनसारखंच दोन टोकांमध्ये राहतं पण कमी फेऱ्यांत जातं, आणि टोकांची चिन्हं वेगळी नसतील तर स्वतःहून `f(a) and f(b) must have different signs` म्हणून ValueError देतं. ती एरर `try/except` मध्ये गिळून शून्य परत देऊ नका एवढंच.

बाकी काही गोष्टी तुमच्या कामावर अवलंबून आहेत, त्या मी ठरवून सांगू शकत नाही. व्याजदर किती घ्यायचा यावर लोक फार वाद घालतात. स्पॉट वापरत असाल तर त्याला अर्थ आहे, ७ दिवसांत १ टक्का दर बदलला की फॉरवर्ड ४.८ रुपयांनी हलतो आणि एटीएम आयव्ही साधारण ०.१७ नं. पण F पॅरिटीतून घेतला की दराचं काम फक्त शेवटचं डिस्काउंटिंग, ६.५ चे ७.५ केले तरी १७४ रुपयांच्या ऑप्शनवर तीन-चार पैशांचा फरक. वाद सोडून द्या, जवळचा दर घ्या.

दिवस कसे मोजायचे यानं मात्र फरक पडतो. मी ७/३६५ घेतलं. कुणी ट्रेडिंगचे दिवस मोजून ५/२५२ घेतं, मग आपली १२.०५ ची आयव्ही ११.८५ होते. दोन्ही चालतात, पण एका साइटच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळत नाही म्हणून कोड उलटापालटा करण्याआधी ते T, दर आणि स्पॉट-फॉरवर्ड काय धरतात ते बघा, बहुतेक वेळा फरक तिथंच निघतो. एकच पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

शेअरवरच्या ऑप्शनला हाच कोड चालेल, एनएसईवर ते २०११ पासून युरोपियन आहेत. अमेरिकन बाजारातल्या शेअर ऑप्शनला चालवू नका, ते मुदतीआधी वापरता येतात, तिथं कॉल आणि पुटची पॅरिटी बरोबरीची नसते आणि तळही वेगळा असतो. तिथं बायसेक्शन तेच राहील पण आतलं `black` बदलून बायनॉमियल ट्री वगैरे लागेल.

आणि एक्स्पायरीच्या दिवशी T दिवसांत मोजू नका, मिनिटांत मोजा. पूर्ण दिवसांत मोजला तर T शून्य येतो, आणि मी घातलेली पहिली ओळ सगळ्या चेनला "expired" म्हणेल. दुपारी अडीचला साडेतीनपर्यंतचा एक तास उरलेला असतो, T = ६०/(३६५×२४×६०), म्हणजे ०.०००११४. कोड त्यावरही चालतो, फक्त त्या तासात एटीएमच्या आजूबाजूचे मोजके स्ट्राइक सोडले तर बाकीच्यांना पाच पैशाचा भावही आयव्हीला भलत्या आकड्यावर नेतो. मी त्या दिवशी दोन वाजल्यानंतर `mid` भाव एक रुपयाच्या खाली असलेले स्ट्राइक गाळतो आणि F दर मिनिटाला नव्यानं काढतो. तुमच्या फीडमध्ये भावासोबत वेळ येत असेल तर कॉल आणि पुट दोन्हीचा वेळ एका सेकंदाच्या आत आहे का तेही तपासा, नाहीतर पॅरिटीतून आलेला F च खोटा निघतो. अडकलात तर त्या स्ट्राइकचे कॉल-पुट दोन्हीचे बिड-आस्क, वेळ आणि तुम्ही धरलेला F इथं टाका, बघतो.